बारा वाजायच्या आत

मुरगाव बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या एका जहाजाचा कप्तान सोमवारी सकाळी साडेदहाला चार ओळींचा ई-मेल पाठवतो. जहाज पोचलं आहे, माल भरून घ्यायला सर्व तऱ्हेने तयार आहे, एवढंच त्यात असतं. या पत्राला दर्यावर्दी व्यवहारात ‘नोटीस ऑफ रेडिनेस’ म्हणतात. बंदरावरचा एजंट ते वाचतो, वेळ टिपतो आणि पुढे धाडून देतो. समुद्रावर काहीच बदललेलं नसतं. जहाज रिकामंच असतं, मालाची पहिली बार्ज अजून नदीतच असते. पण कागदावर एक घड्याळ चालू होण्याच्या बेतात असतं.

जहाज भाड्याने देण्या-घेण्याचे जे तयार करारनामे जगभर वापरले जातात, त्यांतला एक ‘जेनकॉन’. त्याच्या १९९४च्या आवृत्तीतलं कलम सांगतं, की नोटीस दुपारी बारापर्यंत आली तर घड्याळ त्याच दिवशी एकला सुरू होईल. बारानंतर कचेरीच्या वेळात आली, तर दुसऱ्या कामाच्या दिवशी सकाळी सहाला. म्हणजे ई-मेल पावणेबाराला गेला की बारा दहाला, यावर सतरा तासांचा फरक पडतो. बारा वाजणं या शब्दप्रयोगाचा अर्थ मराठी माणसाला वेगळा सांगायला नको. इथे मात्र बारा वाजून गेले तर माल भरणाऱ्याची चांदी आणि जहाजमालकाचे बारा, असा हिशेब असतो. तो किती मोठा, ते पुढे आकड्यांत दिसेल.

जहाजाचं भाडं हे नुसतं वाहतुकीचं भाडं नसतं. अमुक इतका माल या बंदरातून त्या बंदरात नेण्याचे जे पैसे ठरतात, त्यातच माल भरायला आणि उतरवायला काही ठरावीक वेळ मालकाने देऊ केलेला असतो. हा वेळ म्हणजे ‘ले-टाइम’. ट्रकवाल्याशी भाडं ठरवताना ‘दोन तासांत गाडी खाली करा, पुढे थांबायचे पैसे वेगळे’ असं बोलणं होतं ना, त्याचंच हे लिखित आणि फार काटेकोर रूप. वेळ संपूनही माल भरून झाला नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला, आणि दिवसाच्या अंशालाही, आधीच ठरलेल्या दराने पैसे द्यावे लागतात. तेच डेमरेज. रेल्वेच्या मालधक्क्यावर ज्यांचा वावर असतो त्यांना हाच शब्द ‘डॅमरेज’ म्हणून ठाऊक असतो. उलट काम वेळेआधी उरकलं, तर वाचलेल्या वेळेचं बक्षीस माल भरणाऱ्याला मिळतं. त्याला ‘डिस्पॅच’ म्हणतात आणि त्याचा दर बहुतेक वेळा डेमरेजच्या निम्मा असतो.

ही झाली व्याख्या. खरी मारामारी होते ती घड्याळ केव्हा सुरू होतं, केव्हा थांबतं आणि केव्हा थांबायचंच सोडून देतं, यावर.

त्यातली पहिली अडचण ‘जहाज पोचलं’ या दोन शब्दांतच आहे. काही करारांत जहाजाने बंदरात पोचायचं असतं. तिथल्या नेहमीच्या थांब्यावर नांगर टाकला तरी पुरतं. काही करारांत ते थेट धक्क्याला लागायला हवं असतं. कराराचा प्रकार दुसरा असताना नोटीस पहिल्याप्रमाणे दिली तर काय होतं, याची जगभर शिकवली जाणारी गोष्ट आपल्या कोचीनची आहे. ‘हॅपी डे’ नावाचं जहाज ओडेसाहून गहू घेऊन २५ सप्टेंबर १९९८ला कोचीनबाहेर आलं. भरतीची वेळ हुकली होती, त्यामुळे दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला आत शिरता येणार नव्हतं. कप्तानाने बाहेरूनच नोटीस देऊन टाकली. करार धक्क्याचा होता. जहाज धक्क्याला लागलं नव्हतं. म्हणजे नोटीस अवेळी होती. दुसऱ्या दिवशी धक्का मिळाल्यावर नवी नोटीस द्यायची, एवढं एकच काम राहिलं होतं आणि ते कोणाला सुचलं नाही. गहू उतरायला २५ डिसेंबर उजाडला.

तीन महिने जहाज अडकलं, तेव्हा मालकाने डेमरेज मागितलं. त्यावर भाडेकरू कंपनी म्हणाली, वैध नोटीस आलीच नाही, तेव्हा घड्याळ सुरूच झालं नाही. घड्याळ सुरू झालं नाही म्हणजे आमचा सगळा वेळ वाचला. तेव्हा डिस्पॅचचे पैसे तुम्हीच आम्हाला द्या. ऐकणाऱ्याला हे वकिली विनोदासारखं वाटेल, पण लंडनच्या पहिल्या न्यायालयात भाडेकरू कंपनी जिंकली. २००२ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. नोटीस आलेली कंपनीला माहीत होती, तिने हरकत घेतली नाही आणि माल उतरवायला सुरुवात केली. तेव्हा निदान त्या क्षणापासून तरी घड्याळ चालू झालं, असं न्यायाधीशांनी ठरवलं. तेव्हापासून हुशार कप्तान एक युक्ती करतात. ते नोटीस एकदा देऊन थांबत नाहीत. बाहेर आल्यावर देतात, नांगर टाकल्यावर देतात, धक्क्याला लागल्यावर पुन्हा देतात, आणि प्रत्येक वेळी ‘आधीच्या नोटिशीला बाध न येता’ अशी पुस्ती जोडतात.

आता मुरगावच्या त्या सोमवारकडे परत येऊ. जहाज काल्पनिक आहे, पण हिशेब रोज होणाऱ्या हिशेबांसारखाच आहे. समजा, ४८,००० टन लोहखनिजाची भुकटी, जिला बंदरावर ‘फाइन्स’ म्हणतात, ती भरायची आहे. करारात भरण्याचा वेग रोज ८,००० टन ठरला आहे, म्हणजे ले-टाइम सहा दिवसांचा, १४४ तासांचा. रविवारी आणि सुटीच्या दिवशी काम केलं नाही तर तो वेळ मोजायचा नाही. पावसाने भरणं थांबलं तर तोही मोजायचा नाही. डेमरेज दिवसाला १५,००० डॉलर, म्हणजे तासाला ६२५. डॉलरला ८५ रुपये धरले तर एका तासाची किंमत त्रेपन्न हजारांच्या घरात जाते.

गोव्यात मोठी जहाजं बाहेर खोल पाण्यात उभी राहतात आणि खनिज त्यांच्याकडे बार्जने येतं. खाणी आत डिचोली, सांगे या भागांत. तिथून ट्रकने नदीकाठच्या धक्क्यावर, धक्क्यावरून बार्जमध्ये, मग मांडवी किंवा जुवारीतून समुद्राकडे. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाजवळचा आग्वादचा वाळूचा दांडा धोक्याचा होतो, तेव्हा बार्जेस कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरतात. एका बार्जमध्ये २,००० टन धरले तर आपल्या जहाजाला चोवीस खेपा लागतील. यातली एक कडी निखळली की बाहेर उभ्या जहाजाच्या क्रेन हात बांधून बसतात.

महिना ऑक्टोबरचा आहे आणि परतीच्या पावसाने गाठलं आहे. नदीकाठी उघड्यावर रचलेला खनिजाचा ढीग भिजला आहे. खनिज भिजलं तर काय बिघडतं, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. ते काही तांदूळ नाही. पण बारीक भुकटीत पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं, की जहाजाच्या हेलकाव्यांनी आणि यंत्राच्या थरथरीने ती भुकटी चिखलासारखी वाहू लागते. ती एका अंगाला सरकते, जहाज त्या बाजूला झुकतं आणि परत सरळ होत नाही. २००९च्या पावसाळ्यात भारतातून असंच खनिज घेऊन निघालेली दोन जहाजं बुडाली: जुलैमध्ये मंगळूरजवळ ‘एशियन फॉरेस्ट’, सप्टेंबरात पारादीपजवळ ‘ब्लॅक रोझ’. म्हणून माल भरण्याआधी त्यातल्या ओलाव्याचं प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र लागतं. कप्तानाचा त्यावर विश्वास नसेल तर त्याच्यापाशी एक साधी कसोटी आहे. डबा अर्धा भरायचा, वीतभर उंचीवरून कठीण जमिनीवर पंचवीसदा आपटायचा आणि वर पाणी सुटतं का ते पाहायचं. पाणी सुटलं तर माल घेण्याआधी पुन्हा तपासणी. पाणी सुटलं नाही म्हणजे माल निर्धोक आहे, असं मात्र यातून सिद्ध होत नाही. अनेक कप्तान इथेच फसतात.

आपल्या गोष्टीत पहिल्या ढिगाचा नमुना नापास होतो. दुसरा ढीग शोधायचा, नमुना घ्यायचा, निकालाची वाट पाहायची, मग बार्ज भरायची, मग भरती गाठायची. पहिली बार्ज जहाजाला लागते तेव्हा बुधवारची दुपारचा एक वाजलेला असतो. घड्याळ सोमवारी एकलाच सुरू झालेलं होतं. एक टनही न भरता ४८ तास गेलेले असतात.

माल पाठवणारा इथे म्हणेल, की पावसाचा वेळ मोजायचा नाही असं करारातच आहे, आणि ढीग पावसानेच भिजला. हा युक्तिवाद टिकत नाही आणि तो न टिकण्याला सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. १८८४ साली लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे कार्डिफ बंदरातल्या एका जहाजाचं प्रकरण आलं. लोखंड भरायचं होतं. ते ज्या कालव्यातून गोदीत यायचं तो थंडीने गोठला. करारात गोठणीची सवलत स्पष्ट लिहिलेली होती. तरी भाडेकरू हरला. सवलत ‘भरण्याला’ अडथळा आला तर आहे, ‘माल भरण्याच्या जागी आणण्याला’ अडथळा आला तर नाही, असं लॉर्डांनी सांगितलं. गोदीत बर्फ नव्हता. जहाज भरायला मोकळं होतं. माल कसा आणायचा हा माल आणणाऱ्याचा प्रश्न. माल येण्याचा दुसरा मार्गच अस्तित्वात नसेल तर वेगळा विचार होऊ शकतो, पण मूळ नियम आजही हाच आहे. कार्डिफचा गोठलेला कालवा आणि गोव्याचा भिजलेला ढीग कायद्याच्या नजरेत सख्खे भाऊ ठरतात.

पुढे काम वेगात चालतं. गुरुवारी सहा तास पाऊस पडतो. जहाजाची झाकणं बंद करावी लागतात. हे सहा तास खरोखरच ‘भरण्याला’ अडथळा आहेत, म्हणून वजा होतात. रविवारी काम बंद; तोही वजा. असं मोजत गेलं की सोमवारी संध्याकाळी सातला १४४ तास पुरे होतात. ले-टाइम संपला. जहाज अजून भरायचं आहे, आणि या मिनिटापासून ते ‘डेमरेजवर’ गेलं.

आणि मंगळवारी पहाटे दोनला पुन्हा पाऊस सुरू होतो. दुपारी बारापर्यंत, दहा तास.

हा पाऊस गुरुवारच्या पावसासारखाच आहे. तेच ढग, तीच झाकणं, तेच क्रेनवाले चहा पीत बसलेले. पण हा वेळ वजा होत नाही. ‘एकदा डेमरेजवर, की कायम डेमरेजवर’ हा या धंद्यातला सर्वांत कडक नियम. वेळेत काम संपवलं असतं तर या पावसाशी तुमची गाठच पडली नसती, ही त्यामागची भूमिका आहे. म्हणून सवलतीची कलमं ले-टाइमसाठी असतात. डेमरेज सुरू झाल्यावर ती लागू करायची असतील तर करारात तसं स्वच्छ शब्दांत लिहिलेलं असावं लागतं. पाऊस, रविवार, सण, संप, सगळं पुढे मोजलं जातं.

गुरुवारी सकाळी सातला शेवटचा टन पडतो. सोमवार संध्याकाळ ते गुरुवार सकाळ, साठ तास. साठ गुणिले ६२५, म्हणजे ३७,५०० डॉलर. जवळजवळ बत्तीस लाख रुपये.

या साठ तासांची फोड करून पाहिली तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. सुट्या आणि दोन्ही पाऊस वगळले तर प्रत्यक्ष भरण्याला १४६ तास लागले. करारात १४४ होते. म्हणजे माल भरणाऱ्यांनी कबूल केलेला वेग अगदी नेटाने राखला. उशीर फक्त दोन तासांचा. उरलेल्या अठ्ठावन्न तासांतले अठ्ठेचाळीस सुरुवातीला बार्जची वाट पाहण्यात गेले आणि दहा मंगळवारच्या पावसात. शिवाय तो पाऊसही पहिल्या अठ्ठेचाळीस तासांचीच देणगी आहे. बार्ज वेळेवर आली असती तर जहाज सोमवारी रात्री नऊलाच भरून झालं असतं आणि मंगळवारचा पाऊस त्याने वाटेत अनुभवला असता. डेमरेज झालं असतं दोन तासांचं, १,२५० डॉलर.

आता त्या ई-मेलची गंमत. तो साडेदहाऐवजी बारा दहाला गेला असता, बाकी सगळं अगदी असंच घडलं असतं, तर घड्याळ मंगळवारी सकाळी सहाला सुरू झालं असतं. मग १४४ तास पुढच्या मंगळवारच्या दुपारपर्यंत पोचले असते. त्यामुळे पहाटेचा पाऊस ले-टाइममध्ये सापडून वजा झाला असता आणि वेळ संपली असती मंगळवारी रात्री दहाला. डेमरेज साठ तासांऐवजी तेहेतीस तासांचं. बिल २०,६२५ डॉलर. कप्तानाने नाश्ता लांबवला असता, तर मालकाचे चौदा लाखांहून अधिक रुपये गेले असते.

हे बिल भरतो कोण? जहाजमालकाशी करार ज्याचा, तो. खनिज बहुधा बंदरात जहाजावर चढवून देण्याच्या बोलीवर विकलं जातं आणि जहाज खरेदीदार आणतो. तेव्हा मालक खरेदीदाराकडे मागतो, खरेदीदार विक्रीच्या कराराकडे बोट दाखवून गोव्यातल्या निर्यातदाराकडे, निर्यातदार खाणवाल्याकडे किंवा बार्जवाल्याकडे. प्रत्येक पायरीवर करार वेगळा. खरी पंचाईत तिथे असते. जहाजाच्या करारात पाऊस वजा आणि विक्रीच्या करारात नाही, एकात दर १५,००० आणि दुसऱ्यात १२,०००, एकात दावा ठरावीक दिवसांत कागदपत्रांसह करायची अट आणि दुसऱ्यात ती नाही, असं असलं की मधला माणूस सापडतो. त्याला वर भरावं लागतं आणि खाली वसूल करता येत नाही. बार्जवाल्याशी तर पुष्कळदा असा काही करारच नसतो; तो टनाचे पैसे घेतो आणि घरी जातो.

पैसे दिलेच नाहीत तर जहाजमालकाकडे हत्यारं आहेत. जेनकॉननुसार डेमरेज दिवसागणिक देय होतं. थकलं तर तो लेखी सूचना देऊन ९६ तासांची मुदत देतो. तेवढ्यात पैसे आले नाहीत आणि जहाज अजून माल भरण्याच्या बंदरातच असेल, तर करार मोडून नुकसानभरपाई मागू शकतो. भरलेल्या मालावरही त्याचा हक्क चढतो. प्रत्यक्षात जहाज क्वचितच असं निघून जातं. अर्धवट भरलेलं जहाज घेऊन जायचं कुठे, हा प्रश्न मालकालाही असतोच.

मात्र डेमरेज हा जसा दंड वाटतो, तसा तो मालकाच्या मागणीवरचा लगामही आहे. हे १९६६च्या एका निकालाने पुरतं स्पष्ट झालं. ‘स्विस अटलांटिक’ नावाच्या कंपनीने आपलं जहाज एका डच कोळसा कंपनीला दोन वर्षांसाठी दिलं होतं: अमेरिकेतून कोळसा भरायचा, युरोपात उतरवायचा, पुन्हा जायचं, जितक्या फेऱ्या होतील तितक्या. डेमरेज ठरलं दिवसाला १,००० डॉलर. पुढे बाजारातले भाड्याचे दर कोसळले. करारातल्या चढ्या भाड्याने फेरी करण्यापेक्षा जहाज बंदरात लोळत ठेवून रोजचे हजार डॉलर देणं कोळसा कंपनीला परवडू लागलं. दोन वर्षांत आठच फेऱ्या झाल्या. मालकाचं म्हणणं, हे मुद्दाम केलं, आमच्या बुडालेल्या फेऱ्यांचं भाडं द्या. हाउस ऑफ लॉर्ड्सने नकार दिला. उशिराची किंमत तुम्ही स्वतःच आधी ठरवलीत. मग तो उशीर आळसाने झालेला असो की हिशेबाने, तेवढीच मिळेल.

हा लगाम किती घट्ट, यावर अलीकडेही वाद झाला. ‘इटर्नल ब्लिस’ हे जहाज ब्राझीलहून सत्तर हजार टन सोयाबीन घेऊन चीनच्या लाँगको बंदराबाहेर ३१ दिवस ताटकळलं आणि माल बुरसला. मालाच्या धन्याला मालकाने भरपाई दिली आणि ती भाडेकरूकडे मागितली. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं, की वेळेत काम न झाल्याचे सगळे परिणाम डेमरेजमध्येच आले. निव्वळ उशिरासाठी वेगळं काही मिळणार नाही. तेव्हा दिवसाचा दर ठरवताना मालकाने फक्त इंधन आणि खलाशांचा पगार धरला, तर तो बुडालाच.

इथवरची सगळी भांडणं एका जहाजाची होती. पण घड्याळ सगळ्यांचंच असं चालत असेल, तर बंदराबाहेर काय दृश्य दिसेल, ते ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलने २००७ मध्ये दाखवलं. जगातल्या मोठ्या कोळसा-बंदरांपैकी हे एक. चीन आणि पूर्व आशियाची मागणी वाढली; खाण, रेल्वे आणि बंदर यांची साखळी तेवढा कोळसा आणून देईना. जहाजांचा नंबर मात्र पोचण्याच्या क्रमाने लागायचा. मग शहाणा भाडेकरू काय करणार? कोळसा महिनाभराने मिळणार हे ठाऊक असूनही जहाज आजच नेऊन रांगेत उभं करणार. पोचलं की नोटीस, नोटीस दिली की घड्याळ. थांबण्याचं बिल अखेर बहुतांशी कोळसा विकणाऱ्या खाण कंपन्यांकडे यायचं.

जून महिन्याच्या सुरुवातीला न्यूकॅसलच्या उघड्या समुद्रावर ५७ जहाजं नांगर टाकून उभी होती. ८ जूनला वादळ आलं. नांगर उचलून खोल समुद्रात निघून जायचं, हे अशा वेळचं शहाणपण. अनेकांनी ते उशिरा केलं. ‘पाशा बल्कर’ हे ७६,००० टनांहून अधिक माल नेऊ शकणारं रिकामं जहाज मे महिन्यापासून कोळशाची वाट पाहत तिथे थांबलेलं होतं. ते वाऱ्याने ढकलत ढकलत थेट शहराच्या नॉबीज किनाऱ्यावर येऊन बसलं. लाल रंगाचं ते प्रचंड धूड पाहायला लोक मुलाबाळांसह येत होते. ते सुटलं २ जुलैला. कप्तानाचे निर्णय चुकले, हे खरंच. पण इतकी जहाजं त्या धोक्याच्या किनाऱ्यापाशी आलीच का, या प्रश्नाचं उत्तर रांगेच्या नियमात आणि त्यामागच्या घड्याळात होतं. पुढे तिथे जहाजाला समुद्रात दूर असतानाच येण्याची वेळ देण्याची पद्धत आली. मग लवकर धावत येऊन नंबर लावण्यात अर्थ उरला नाही.

मुरगावला अशी रांग त्या ऑक्टोबरात नाही. गुरुवारी सकाळी सातनंतर आपल्या जहाजावर एजंट चढतो. त्याच्या हातात ‘स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स’ असतं, म्हणजे दहा दिवसांची मिनिटागणिक रोजनिशी: नांगर केव्हा पडला, नोटीस केव्हा आली, पहिली बार्ज केव्हा लागली, पाऊस केव्हा सुरू झाला, केव्हा थांबला. डेमरेज किती, हा शब्द त्यात कुठेही नसतो. तो हिशेब नंतर या कागदावरून होतो. म्हणून एकेका ओळीवर घासाघीस चालते. माल पाठवणाऱ्याच्या माणसाला गुरुवारचा पाऊस सहाऐवजी आठ तास लिहायला हवा असतो. पहिल्या अधिकाऱ्याच्या जहाजी नोंदवहीत तो सहाच तास आहे. मंगळवारी सकाळी पाऊस होता की क्रेन बिघडली होती, यावर आणखी पाच मिनिटं जातात. कारण क्रेन जहाजाची असेल आणि ती बिघडली असेल, तर डेमरेज चालू असूनही तो वेळ मालकाच्याच पदरात पडतो. ही एक फट ‘कायम डेमरेजवर’च्या नियमाला आहे.

अखेर कप्तान सही करतो. सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहितो: सोमवार दुपारपासून बुधवार दुपारपर्यंत माल उपलब्ध नव्हता. माल पाठवणाऱ्याचा माणूस ती वाचतो, पेन मागून घेतो आणि खाली ‘हरकत राखून’ एवढं लिहून आपली सही करतो. एजंट तीन प्रती फाइलमध्ये घालतो आणि लाँचकडे जाणाऱ्या शिडीवरून खाली उतरतो. वर नांगराची साखळी आत घ्यायला सुरुवात झालेली असते.